रात्री दोन वाजता एकोणपन्नास रुपयांच्या ऑर्डरी: एका कार्ड-टेस्टिंग बॉटचं प्रकरण

(दुकानाची ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. आकडे त्या रात्रीच्या नोंदींच्या प्रमाणात ठेवले आहेत.)

## पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरातलं पैठणी आणि हिमरू शालींचं एक जुनं दुकान. मालकांच्या मुलाने काही वर्षांपूर्वी वेबसाइट काढली. आज निम्म्याहून जास्त धंदा तिच्यावरून होतो, आणि त्यातला मोठा भाग परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांचा. कुणी स्वतःसाठी साडी मागवतं, तर कुणी तिकडून पैसे भरून नांदेडला किंवा परभणीला राहणाऱ्या आईच्या पत्त्यावर पाठवतं. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दुपार टळलेली असते. म्हणूनच दुकानाने रात्रपाळीला एक कारकून ठेवला आहे. त्याला इथे गजानन म्हणू.

त्याचं काम तसं साधं. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, साडीचा व्हिडिओ पाठवायचा, आलेल्या ऑर्डरी तपासून सकाळच्या पॅकिंगसाठी यादी लावायची. एरवी रात्रभरात दहा-बारा ऑर्डरी येतात. त्याच्या लॉगिनने त्याला ऑर्डरी दिसतात, स्टॉक बदलता येतो, आणि पेमेंट गेटवेची, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे दुकानापर्यंत पोचवणाऱ्या सेवेची, नोंद नुसती वाचता येते. गेटवेत काही बदलायचं तर मालकांचं लॉगिन लागतं आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो.

साइटवर सर्वात स्वस्त वस्तू म्हणजे ‘रंगपट्टी’. पडद्यावरचा रंग आणि खरा रंग यांत फरक पडतो, म्हणून पैठणीच्या कापडाचे छोटे तुकडे चिकटवलेलं कार्ड ४९ रुपयांत पाठवायचं, भारतात कुठेही पोस्टेज फुकट. कल्पना चांगलीच होती. रंगपट्टी मागवणाऱ्यांतले बरेच जण पुढे साडी घेतात.

## काय घडलं

ती रात्र मंगळवारची. १ वाजून ३८ मिनिटांनी रंगपट्टीची एक ऑर्डर आली. मिनिटभरात दुसरी, लगेच तिसरी. दोन वाजून गेले तरी ऑर्डर आल्याची टिंग थांबेना. २:१० पर्यंत एकतीस ऑर्डरी झाल्या होत्या. सगळ्या रंगपट्टीच्या, सगळ्यांत नग एक, रक्कम ४९.

गजाननला पहिल्यांदा वाटलं की कुठलं तरी रील चाललं असावं. असं पूर्वी एकदा झालं होतं. पण तेव्हा ऑर्डरींच्या आधी व्हॉट्सअॅप भरून गेलं होतं. ‘डिलिव्हरी कधी’, ‘जांभळा रंग आहे का’, ‘काठ केवढा’ असे प्रश्नावर प्रश्न. या वेळी एकतीस गिऱ्हाइकांपैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

मग दुसरी शंका आली की ही एकाच पेमेंटची पुनरावृत्ती तर नाही? गेटवेकडून ‘पैसे मिळाले’ हा निरोप साइटला कधीकधी दोनदा-तीनदा येतो आणि साइट नीट बांधलेली नसेल तर एका पेमेंटच्या तीन ऑर्डरी उभ्या राहतात. हे तपासणं सोपं असतं. प्रत्येक ऑर्डरीपुढचा पेमेंट क्रमांक पाहायचा. त्याने पाहिले, तर सगळे वेगळे होते. म्हणजे एकतीस खरी पेमेंट झाली होती.

यादीत प्रत्येक ऑर्डरीपुढे शहर होतं छत्रपती संभाजीनगर. नावं मात्र सगळी इंग्रजी धाटणीची, आणि ईमेल म्हणजे नावापुढे चार आकडे. गावातल्या माणसाला ४९ रुपयांची पट्टी हवी असेल तर तो दुकानात येऊन कापडच हातात घेईल, रात्री दोनला ऑर्डर कशाला करेल? गजाननने एक ऑर्डर उघडून पूर्ण पत्ता वाचला. पत्ता त्यांच्याच दुकानाचा होता. दुसरी उघडली, तोच पत्ता. साइटच्या तळाशी छापलेला जसाच्या तसा उचललेला. फोनच्या रकान्यात नमुना म्हणून फिकट अक्षरांत जो आकडा दाखवलेला असतो, तोच भरलेला. माणूस घाईत असला तरी इतक्या वेळा असं करत नाही.

## नेमकी अडचण कुठे दिसली

इथवरचं कुणालाही जमलं असतं. पुढचं पाऊल मात्र महत्त्वाचं होतं. ऑर्डरींच्या यादीत फक्त यशस्वी पेमेंट दिसतात. फसलेली पेमेंट ऑर्डर होतच नाहीत, त्यामुळे तिथे त्यांचा मागमूसही नसतो. ती गेटवेच्या नोंदीत असतात आणि ती नोंद रोज कुणी उघडत नाही. गजाननने उघडली. तिथे त्याच बत्तीस मिनिटांत सुमारे सहाशे चाळीस प्रयत्न होते. यशस्वी एकतीस, बाकी सगळे फसलेले.

```
01:52:07  49.00  failed    incorrect_cvv
01:52:10  49.00  failed    card_expired
01:52:13  49.00  failed    insufficient_funds
01:52:16  49.00  captured
01:52:19  49.00  failed    incorrect_cvv
```

captured म्हणजे पैसे मिळाले, failed म्हणजे फसलं. दर तीन सेकंदांना एक प्रयत्न. एरवीच्या दिवशी चार-पाच पेमेंटांत एखादं फसतं. इथे वीसात जेमतेम एक लागत होतं. आणि प्रत्येक कार्ड परदेशी, एकाच देशातल्या पण निरनिराळ्या बँकांचं.

चोरलेल्या कार्डांच्या याद्या विकल्या जातात. यादीतली किती कार्डं अजून चालू आहेत हे विकणाऱ्याला माहीत नसतं, घेणाऱ्याला तर मुळीच नसतं. म्हणून एक छोटा प्रोग्राम, म्हणजे बॉट, ती कार्डं कुठल्या तरी साइटवर एकेक करून लावून बघतो. रक्कम मुद्दाम चिल्लर, म्हणजे कार्डधारकाच्या लक्षात येत नाही. जे कार्ड लागलं ते ‘जिवंत’ म्हणून बाजूला निघतं आणि पुढे मोठ्या खरेदीसाठी वापरलं जातं किंवा चढ्या भावाने विकलं जातं. खोटी नोट आधी पानटपरीवर खपवून बघावी, तसलाच प्रकार. रंगपट्टी त्यांना नकोच होती. पत्ता दुकानाचा टाकला काय आणि चंद्रावरचा टाकला काय, त्यांना फरक पडत नव्हता. भारतातला टाकल्याने पोस्टेज लागत नव्हतं, एवढंच.

गजाननने आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती मला त्याच्या सगळ्या तपासात सर्वात हुशारीची वाटते. त्याने नोंद एक्सेलमध्ये उतरवून कार्डांच्या शेवटच्या चार आकड्यांवर आणि बँकेच्या नावावर लावली. एकच कार्ड पुन्हा पुन्हा आलंय का, हे त्याला बघायचं होतं. ते आलं असतं तर अर्थ वेगळा झाला असता: चोराकडे नंबर आहे पण मागचे तीन आकडे किंवा मुदतीची तारीख नाही, आणि तो अंदाजाने एकेक घालून बघतोय. आणि सगळी कार्डं एकाच बँकेची असती तर नंबरच बनवले जात असल्याचा संशय आला असता. कार्डाचे पहिले सहा किंवा आठ आकडे बँकेनुसार ठरलेले असतात आणि शेवटचा आकडा बाकीच्यांवरून गणिताने निघतो, त्यामुळे मधले आकडे बदलत नेले की बरोबर दिसणारे नंबर कितीही तयार होतात. इथे तसं काहीच नव्हतं. प्रत्येक कार्ड एकदाच, बँका अनेक. म्हणजे तयार यादी चाळली जात होती. याचा व्यवहारात अर्थ असा की हे कार्ड अडवा, ती बँक अडवा, याने काही साधणार नव्हतं.

## हेच दुकान का

मालकांनी नंतर मला हाच प्रश्न विचारला. आपल्यावर कुणाचा डोळा आहे का? तसं काही नव्हतं. असे बॉट साइटी चाळत फिरतात आणि जिथे चार गोष्टी एकत्र मिळतात तिथे थांबतात. स्वस्त वस्तू, खातं न उघडता खरेदी, ओटीपीशिवाय चालणारी कार्डं, आणि पेमेंट का फसलं ते नेमकं सांगणारी साइट.

तिसरी गोष्ट आपल्याकडे गोंधळात टाकते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑगस्ट २००९ पासून भारतीय कार्डाला ऑनलाइन खरेदीसाठी दुसरी ओळख, म्हणजे बहुतेक वेळा ओटीपी, लागते. त्यामुळे चोरलेलं भारतीय कार्ड असं चिल्लर रकमेला लावून बघणं अवघड जातं. पण हा नियम परदेशी बँकेने दिलेल्या कार्डाला लागू नाही. दुकानाने परदेशी गिऱ्हाइकांसाठी गेटवेकडून आंतरराष्ट्रीय कार्डं सुरू करून घेतली, त्या दिवशी ओटीपीची भिंत नसलेला एक दरवाजाही उघडला गेला. हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

चौथी गोष्ट तर दुकानाने चांगुलपणाने केली होती. गिऱ्हाइकाला कळावं म्हणून साइटवर ‘सीव्हीव्ही चुकला’, ‘कार्डाची मुदत संपली’, ‘खात्यात पुरेसे पैसे नाहीत’ असे वेगवेगळे संदेश यायचे. कार्ड तपासणाऱ्याला हीच माहिती हवी असते. ‘पैसे नाहीत’ म्हणजे कार्ड चालू आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू.

## समोरचे पर्याय

२:१२ वाजता गजाननपुढे काय होतं? सकाळपर्यंत थांबायचं, हा एक मार्ग. रात्री मालकांना फोन फक्त गोडाऊनच्या बाबतीत करायचा, असा अलिखित नियम होता. दुसरा मार्ग, रंगपट्टीचा स्टॉक शून्य करायचा. तो त्याच्या हातात होता. तिसरा, मालकांना उठवून आंतरराष्ट्रीय कार्डं बंद करायची. चौथा, वेबसाइट सांभाळणाऱ्या पुण्याच्या मुलाला उठवून साइटच बंद ठेवायची. प्रयत्न ज्या इंटरनेट जोडण्यांवरून येत होते त्यांचे आयपी पत्ते अडवण्याचा विचारही त्याच्या मनात आला होता. पण त्याची सोय त्याच्याकडे नव्हती आणि असती तरी उपयोग झाला नसता, कारण नंतर पाहिलं तेव्हा जवळपास प्रत्येक प्रयत्न वेगळ्या आयपी पत्त्यावरून आलेला होता.

त्याने २:१४ ला स्टॉक शून्य केला. टिंग थांबली. त्याने चहा केला.

२:३१ ला पुन्हा सुरू. या वेळी पैठणी काठाचा बटवा, १४९ रुपये. साइटवरची पुढची सर्वात स्वस्त वस्तू.

## निर्णय आणि कृती

आता त्याने मालकांना फोन लावला. बोलणं साधारण असं झालं, असं दोघांनीही मला सांगितलं.

“भाऊ, झोपमोड झाली, पण कुणीतरी मशीन लावून आपल्या साइटवर चोरीची कार्डं मारायलंय.”

“पैसे जायलेत का आपले?”

“नाही, यायलेत.”

“मग बिघडलं कुठं?”

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. गल्ल्यात पैसे येत असताना धोका दिसणं कठीणच. गजाननने जे उत्तर दिलं ते हिशेबाचं होतं. हे पैसे ज्यांचे आहेत ते बँकेत तक्रार करतील. तक्रार आली की रक्कम परत जाते, वर गेटवे प्रत्येक तक्रारीमागे दंड लावतो, आणि तो दंड ४९ रुपयांपेक्षा कितीतरी मोठा असतो. ओटीपी झालेला नसल्यामुळे आपली बाजू लंगडी. शिवाय कार्ड कंपन्या दुकानाचं मोजमाप करताना तक्रारींची संख्या धरतात. तिथे ४९ रुपयांची तक्रार आणि ४९ हजारांची तक्रार, दोन्ही एकच. महिन्याला काहीशे ऑर्डरी करणाऱ्या दुकानावर पन्नास तक्रारी आल्या तर आंतरराष्ट्रीय कार्डांची सोयच काढून घेतली जाऊ शकते.

“बंद कर,” भाऊ म्हणाले. “ओटीपी सांगतो.”

२:५२ ला आंतरराष्ट्रीय कार्डं बंद झाली. बॉट तरीही आधीच्याच वेगाने धडका देत राहिला, पण आता प्रत्येक प्रयत्न फसत होता. ३:२० च्या सुमारास तो निघून गेला. त्यानंतर गजाननने तीन कामं केली: गेटवेच्या तातडीच्या नंबरवर कळवून तक्रार क्रमांक घेतला, रात्रीची पूर्ण नोंद उतरवून ठेवली, आणि पॅकिंगच्या यादीतून या ऑर्डरी बाजूला काढल्या. बाजूला काढताना त्याने ‘रंगपट्टी’ या नावावर सरसकट रद्द केलं नाही. पेमेंटचा प्रकार बघून गाळणी लावली. त्यामुळे परभणीच्या एका बाईंनी रात्री पावणेबाराला यूपीआयने भरलेली खरी रंगपट्टी वाचली.

किंमतही मोजावी लागली. ३:०५ ला न्यू जर्सीतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं ३८ हजारांच्या पैठणीचं पेमेंट फसलं. त्यांनी व्हॉट्सअॅप केलं. गजाननने लिहिलं की ताई, कार्डांची सोय सुरक्षेसाठी रात्रीपुरती बंद आहे, साडी तुमच्या नावाने राखून ठेवतो. त्या थांबल्या. सगळेच थांबतील असं नाही.

## परिणाम

सकाळी हिशेब लागला. एकतीस रंगपट्ट्या आणि बावीस बटवे, त्रेपन्न पेमेंट, मिळून ४,७९७ रुपये. अकाउंटंटचं म्हणणं पडलं की घाई कशाला, सगळेच काही मागणार नाहीत, मागतील त्यांना देऊ. हा त्या प्रकरणातला दुसरा खरा निर्णयाचा क्षण होता आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा अवघड, कारण यात कुणी घाबरलेलं नव्हतं. मालकांनी दुपारच्या आत सगळे पैसे परत केले. ज्यांनी मागितलं त्यांना देईपर्यंत तक्रार नोंदलेली असते, आणि एकदा नोंदली की ती मोजणीत धरली जाते. गेटवेची मूळ फी मात्र परत आली नाही.

तरीही पुढच्या काही आठवड्यांत चार तक्रारी आल्याच. कार्डधारकाने परतावा खात्यावर दिसण्याआधीच बँकेला कळवलेलं असतं, तेव्हा असं होतं. अशा वेळी गप्प बसलं तर तीच रक्कम दोनदा जाते, एकदा परतावा म्हणून आणि एकदा तक्रारीत. दुकानाने चारही तक्रारींना परताव्याचा क्रमांक आणि तारीख जोडून उत्तर दिलं. तीन त्यांच्या बाजूने मिटल्या. चौथीच्या उत्तराची मुदत सणाच्या गर्दीत हुकली आणि ती गेली. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर त्यांनी तक्रारही नोंदवली. त्यातून पुढे काही हाती लागलेलं नाही.

## पुढे काय बदललं

साइटवर संदेश आता एकच येतो: ‘पेमेंट झालं नाही, दुसरा मार्ग वापरा किंवा आम्हाला कळवा’. नेमकं कारण फक्त दुकानाच्या नोंदीत राहतं. एका खरेदीत तीनदा पेमेंट फसलं की ती टोपली बंद होते. पेमेंटच्या पानावर माणूस असल्याची खात्री करणारी तपासणी आली. परदेशी कार्डावर किमान हजार रुपयांची ऑर्डर लागते. तिकडच्या कुणाला रंगपट्टी हवी असेल तर ती साडीच्या चौकशीबरोबर फुकट पाठवतात. दहा मिनिटांत पंधरा पेमेंट फसली की रात्रपाळीच्या फोनवर गजर होतो.

एक सूचना मालकांनी फेटाळली, आणि ती फेटाळणं बरोबरच होतं. वेबसाइटवाल्याचं म्हणणं होतं की परदेशी कार्ड आणि भारतातला पत्ता असेल तर ऑर्डर थेट अडवावी. पुस्तकी नियम म्हणून हे ठीक आहे. पण या दुकानाचं अर्धं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे आईला साडी पाठवणारी मुलं. त्यांनाच दाराबाहेर काढण्यात काय शहाणपण?

परदेशी कार्डांनाही बँकेकडून ओळख पटवून घेण्याचा मुद्दा अजून भिजत पडलाय. गेटवे ती सोय देतो, आणि ती लावली तर फसव्या खरेदीची जबाबदारी बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. अडचण अशी की अमेरिकेतल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना त्या पायरीची सवय नाही आणि काहींचं पेमेंट तिथेच अडकतं. सध्या पाच हजारांच्या वरच्या ऑर्डरींना ती लावून पाहताहेत.

## वेगळं काय करता आलं असतं

स्टॉक शून्य करणं चूक नव्हतं, पण त्याच मिनिटाला फोनही व्हायला हवा होता. गेटवेच्या नोंदीवरून २:१२ ला सगळं स्पष्ट झालेलं होतं. त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत बावीस कार्डं आणखी ‘जिवंत’ ठरली. दुकानाचं त्यात फार गेलं नाही. त्या बावीस माणसांचं काय गेलं असेल ते कळायला मार्ग नाही.

मी मात्र याचा दोष गजाननकडे देणार नाही. ज्याच्याकडे रात्रभर साइट सोपवली, त्याच्याकडे एक बटण दाबायचा अधिकार नव्हता आणि फोन करायची मोकळीक नव्हती. आता गेटवेत त्याच्यासाठी वेगळं लॉगिन आहे. त्यातून आंतरराष्ट्रीय कार्डं बंद करता येतात, सुरू मात्र मालकच करू शकतात. सकाळी कारण लिहून ठेवायचं, परवानगी आधी मागायची नाही.

दोनेक महिन्यांनी पुन्हा एकदा गजर वाजला. पंधरा फसलेली पेमेंट, यशस्वी एकही नाही, सगळी हजाराच्या किंचित वरच्या एका ओढणीवर. म्हणजे किमान रकमेची अट कुणीतरी वाचली होती. गजाननने कार्डं बंद केली, व्हॉट्सअॅपच्या गटावर एक ओळ टाकली आणि तासाभराने भाऊंना उठवून पुन्हा सुरू करून घेतली. ओढणीची किंमत तेवढीच ठेवायची की नाही, यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.